रिळाचा हत्ती

आमच्या मल्लेश्वरमच्या घरात बुद्धिबळाचा संच पूर्ण असा कधी नव्हताच. पांढऱ्यांची दोन प्यादी केव्हाच हरवली होती, त्यांच्या जागी शर्टाची मोठी बटणं. एका घोड्याचा कान तुटलेला, तो डिंकाने चिकटवलेला आणि दर पावसाळ्यात पुन्हा निघणारा. आणि काळ्यांचा एक हत्ती म्हणजे आईच्या शिवणाच्या मशीनचं रिकामं लाकडी रीळ, दौतीत बुडवून काळं केलेलं. पट आजीने जुन्या चादरीच्या तुकड्यावर शिवलेला, काळी घरं तिच्या जुन्या परकराची. गल्लीतली कन्नड मुलं खेळायला आली की त्याच सोंगट्यांना आने, कुदुरे, ओंटे, मंत्री म्हणायची, आम्ही हत्ती, घोडा, उंट, वजीर म्हणायचो, आणि कुणाचंच कुणावाचून अडायचं नाही.

रिळाच्या हत्तीबद्दल अण्णांचा, म्हणजे आमच्या आजोबांचा, एक नियम होता. तो नेहमी राजाकडच्या कोपऱ्यातच मांडायचा. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही चुलत-आते मिळून नऊ भावंडं, नऊही जणांनी तो नियम न विचारता पाळला.

संध्याकाळी दिवे लागले, परवचा झाली, की अण्णा वही काढायचे. खाकी कागदाचं वेष्टण घातलेली, दोनशे पानी, कडा तेलकट झालेली. त्यात उतरवलेले डाव असायचे. कुणाकुणाचे, कुठकुठले, पण बहुतेक इंग्रजी पुस्तकांतून हाताने नकललेले. आम्हाला त्यांनी खेळायला शिकवलं त्याहून जास्त डाव वाचायला शिकवलं. पानावर एक जुनं पोस्टकार्ड ठेवायचे आणि एकेक ओळ खाली सरकवायचे. पुढची चाल दिसता कामा नये. आणि प्रत्येक चालीला तोच प्रश्न, काय धरलं, काय सोडलं? सोंगटी नव्या घरात जाऊन काय धरते, हे सगळ्यांना दिसतं. ती निघाली तेव्हा मागे काय सोडलं, हे पाहायला पोस्टकार्ड लागतं, असं ते म्हणायचे.

हे सगळं परवा पुन्हा उघडलं, त्याला कारण आमच्या भाच्याची मुलगी. सातवीत आहे, शाळेच्या स्पर्धांत खेळते. तिचे स्कोअरशीट कार्बनचे असतात, वरचा कागद आयोजकांकडे जातो आणि खालची निळसर प्रत तिच्या दप्तरात चुरगळते. अण्णांची वही दाखव म्हणून मागे लागली होती. पहिल्याच पानांतला एक डाव तिने आपल्या वहीत उतरवून नेला, घरी आपल्या प्लास्टिकच्या संचावर लावला, आणि दुसऱ्या दिवशी तावातावाने परत आली.

"आत्याआजी, हा डाव चुकीचा आहे. अठराव्या चालीला पांढऱ्याने घोडा फुकट दिलाय. काळ्याचा हत्ती सरळ मारू शकतो. मारला का नाही?"

मी तिची वही घेतली. डाव कलकत्त्याचा, मे १८५५ मधला. पांढरे जॉन कॉक्रेन, कलकत्त्यात वकिली करणारे स्कॉटिश गृहस्थ, त्या काळचे नावाजलेले खेळाडू. काळे महेशचंद्र बंदोपाध्याय. महेशचंद्र आपल्या देशी नियमांवर वाढलेले. त्या नियमांत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जातं. आमची आजी तसंच खेळायची, आणि तिच्याशी खेळताना आम्हालाही तसंच खेळावं लागायचं. अशा खेळात उंट बाहेर काढायची सोयीची वाट म्हणजे घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं आणि उंट त्याच्या मागच्या खिडकीत बसवायचा. महेशचंद्रांनी विलायती नियमांतही तेच केलं. आज ज्याला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात त्याचा सगळ्यात जुना ज्ञात डाव हाच. अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये व्हिएन्नात अलेखाइनना याच मांडणीने हरवलं, तेव्हा या डावाला सदुसष्ट वर्षं झाली होती.

अण्णांच्या वहीतला डाव आजच्या लिपीत असा:

```
 1. d4   Nf6    10. cxd4 Nc6
 2. c4   g6     11. Bb2  Bg4
 3. Nc3  d5     12. Rc1  Rc8
 4. e3   Bg7    13. Ba3  Qa5
 5. Nf3  O-O    14. Qb3  Rfe8
 6. cxd5 Nxd5   15. Rc5  Qb6
 7. Be2  Nxc3   16. Rb5  Qd8
 8. bxc3 c5     17. Ng5  Bxe2
 9. O-O  cxd4   18. Nxf7 Na5
```

पोरीच्या वहीत चौदाव्या चालीला काळ्याच्या रकान्यात नुसतं `Re8` होतं. मधलं `f` गळलं होतं.

मी काही बोलले नाही. माळ्यावरून डबा काढला, चादरीचा पट अंथरला, बटणं आणि रीळ जागच्या जागी ठेवलं. पोस्टकार्ड नव्हतं, लग्नाची एक पत्रिका घेतली.

पहिल्या दहा चाली आम्ही भराभर लावल्या. शाळेत खेळणाऱ्या मुलांना हा भाग पाठ असतो. महेशचंद्रांनी मधलं प्यादं दिलं, घोड्याने परत घेतलं, घोडे कापले, पांढऱ्याला मधे भक्कम प्यादी उभारू दिली आणि मग तीच प्यादी कुरतडायला घेतली. दोघांनी किल्लेकोट केला. बाराव्या चालीपर्यंत पट अगदी समसमान. दोघांचा एकेक हत्ती सी-रेषेवर समोरासमोर, काळ्याचा उंट जी४ वरून पांढऱ्याच्या एफ३च्या घोड्याला दटावतोय.

इथून पत्रिका हळू सरकवायची.

तेराव्या चालीला पांढऱ्याचा उंट ए३ वर आला. काय धरलं? ई७चं प्यादं. तिरक्या रेषेत सरळ त्यावर नजर. काळ्याने उत्तरात वजीर ए५ वर आणला. काय धरलं? तो उंट. पोर म्हणाली, "आणि काय?" मी म्हटलं, नुसता उंट नको बघू, वजिराची आडवी रांगही बघ. ए५ पासून जी५ पर्यंत मधे एकही सोंगटी नाही. तिने बोट फिरवून पाहिलं, मान हलवली आणि विसरली. मीही तेव्हा विसरले होते. अण्णांनी ती रांग खडूने पटावर ओढून दाखवली होती आणि आजीने पट धुवावा लागला म्हणून दोन दिवस अबोला धरला होता.

चौदावी चाल, पांढऱ्याचा वजीर बी३ वर. एका चालीत तीन कामं. ए३च्या उंटाला आधार, बी७च्या प्याद्यावर डोळा, आणि तिरकं बघत गेलं तर सी४, डी५, ई६ ही तिन्ही घरं मोकळी, थेट एफ७. काळ्याच्या राजाच्या दारातलं प्यादं.

आता काळ्याची पाळी. ई७चं प्यादं सी६च्या घोड्याने राखलेलं आहे, पण तो घोडा तिथून हलला की मागची सी-रेषा उघडी पडते. म्हणून महेशचंद्रांना वाटलं, ई७ला आणखी एक आधार द्यावा. हत्ती ई८ वर.

"कुठला हत्ती?" मी विचारलं.

ती थबकली. सी८चा हत्तीही ई८ वर जाऊ शकतो, कारण वजीर ए५ वर गेल्याने डी८ रिकामं आहे. एफ८चाही जाऊ शकतो. एकाच घरात दोन हत्ती जाऊ शकत असतील, तर कुठल्या उभ्या रेषेतला, ते लिहावं लागतं. तेच ते `f`. तिने घरी सी८चा हत्ती नेला होता. त्यामुळे एफ८चा हत्ती शेवटपर्यंत एफ७ राखत बसला, आणि अठराव्या चालीला तिला पांढरा खुळा वाटला.

मी रीळ उचललं आणि एफ८ वरून ई८ वर ठेवलं.

आमच्या घरात हा गोंधळ कधीच झाला नसता, कारण रीळ राजाकडचं, हे आम्हाला झोपेतही ठाऊक. शिवाय अण्णांनी हा डाव प्रथम जुन्या पद्धतीने उतरवला होता. त्या लेखनात घरांची नावं दोन्ही बाजूंनी आपापल्या सोंगट्यांवरून पडायची आणि ही चाल 'राजाकडचा हत्ती, राजाच्या पहिल्या घरी' अशी वाचली जायची. जागतिक संघटनेने १९८१ पासून ते जुनं लेखन ग्राह्य धरणं सोडलं, तेव्हा अण्णांनी उन्हाळाभर बसून सगळी वही नव्या लिपीत समोरच्या पानावर पुन्हा लिहिली. नवी लिपी सुटसुटीत, चुका कमी. पण 'राजाकडचा' हा शब्द गेला आणि त्याच्या जागी एक बारकं अक्षर आलं, जे सातवीतल्या हातातून सहज निसटतं.

काय धरलं? ई७. काय सोडलं? एफ७. त्या प्याद्याला आता एकट्या राजाचा आधार.

"मग इथे हरला का?" तिने विचारलं. नाही. इथे दार फक्त लोटलेलं राहिलं, कडी निघाली. पांढऱ्याला आत शिरायचं तर घोडा जी५ वर हवा. म्हणजे वजीर आणि घोडा मिळून एफ७ वर दोघे होतील आणि राखणारा एकच. पण आत्ता घोडा जी५ वर गेला तर? मी गप्प बसले. तिचं बोट ए५च्या वजिरावरून आडवं निघालं आणि जी५ वर जाऊन थांबलं.

"वजीर मारेल!"

खडूची रांग. महेशचंद्रांचा वजीर नुसता उंटावर चालून गेला नव्हता, त्याने तिकडून राजाच्या अंगणातलं एक घरही राखलं होतं. कॉक्रेन यांनी हे पाहिलं होतं, हे पुढच्या दोन चाली सांगतात. पंधरावी, हत्ती सी५ वर, वजिरावर. गंमत अशी की हा हत्ती आपल्याच उंटाच्या वाटेत उभा राहिला. ए३ वरून ई७ दिसेनासं झालं. ज्या धाकापायी रीळ हललं होतं तो धाकच एका चालीपुरता नाहीसा झाला. वजीर बी६ वर गेला. सोळावी, हत्ती बी५ वर, पुन्हा वजिरावर. वजीर मागे डी८ वर.

काय सोडलं? पाचवी रांग. डी८ वरून जी५ कडे तिरकं बघता आलं असतं, पण मधे आपलंच ई७चं प्यादं. आणि ज्या आडव्या रांगेवर काळ्याचा वजीर होता, त्याच रांगेवर आता पांढऱ्याचा हत्ती आहे. जी५ राखणारा बदलला.

इथे अण्णा वहीत पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचे. शेरा नाही, उद्गारचिन्ह नाही, नुसतं टिंब. या डावात त्यांची दोन टिंबं आहेत, चौदाव्या चालीवर आणि सोळाव्या चालीवर. शेवटच्या चालीवर नाही. लहानपणी आम्हाला ते चुकलेलं वाटायचं. हरणारी चाल तर अठरावी, मग टिंब तिथे का नाही? आमचा मोठा दादा तर एकदा स्वतःच अठराव्याला टिंब देऊन आला आणि त्याला ते खोडरबराने पुसावं लागलं.

सोळाव्याला वजीर सी७ वर जाऊ शकला असता. डाव वाचला असता असं मी म्हणत नाही, एफ७चं भगदाड होतंच. पण बी७ राखलं गेलं असतं आणि पुढे घोड्याची उडी वजिरावर पडली नसती. डी८ हे घर एफ७ वरच्या घोड्यापासून बरोबर अडीच घरांवर आहे.

सतरावी, घोडा जी५ वर. आता दुहेरी अडचण. एफ७ वर वजीर आणि घोडा. शिवाय घोडा एफ३ वरून उठल्याने मागचा ई२चा उंट मोकळा झाला आणि त्याने काळ्याचा जी४चा उंट धरला. काळ्याने ई७चं प्यादं ई६ वर सरकवून तिरकी रेषा बंद केली असती तर उंट गेला असता. मग वजिराने जी५चा घोडा मारायचा म्हटला तर बी५चा हत्ती आडवा धावून वजीरच घेतो. महेशचंद्रांनी उंट न सोडता उलट ई२चा उंट मारला. तो मारता मारता दोन हत्तींवरही नजर बसली. शाळेतली मुलं नव्वद टक्के हीच चाल खेळतील, पोरीनेही हीच सांगितली. धरलेलं एवढं भरघोस की सोडलेल्याकडे बघवत नाही.

अठरावी, घोड्याने एफ७चं प्यादं मारलं.

"आता हत्तीने मार," मी म्हटलं.

तिने हात पुढे केला आणि एफ८ वर काहीच नव्हतं. रीळ ई८ वर. राजाने मारायचं तर मागे बी३चा वजीर टपलेला. घोडा डी८च्या वजिरावर, आणि घोडा हलला की वजिराचा राजाला शह. इथून काळ्याने काहीही केलं तरी निदान वजीर जातो. महेशचंद्रांनी सी६चा घोडा ए५ वर नेला, पांढऱ्याच्या वजिरावर. लिहिलेला डाव इथे संपतो, कारण पुढच्या तीन चालींत मात आहे.

त्या तीन चाली आम्ही दर वेळी पटावर लावायचोच. नऊ भावंडांत कोण लावणार यावरून भांडणं व्हायची. घोडा एच६ वर, दुहेरी शह, एक घोड्याचा आणि एक मागून उघड्या पडलेल्या वजिराचा. दुहेरी शहाला राजाने हलण्यावाचून इलाज नसतो, कारण एका चालीत दोन्ही शह देणाऱ्यांना मारता येत नाही. राजा एफ८ वर गेला तर वजीर एफ७ वर आणि मात. एच८ वर गेला तर पांढरा आपला वजीर जी८ वर नेऊन ठेवतो, राजाच्या मांडीला मांडी लावून. राजाला तो मारता येत नाही, एच६चा घोडा राखतोय. मग मारायचा कुणी?

पोरीने रीळ उचललं. ई८ वरून जी८, वजीर मारला. आणि मारताना राजाची उरलेली वाट बुजवली. एका बाजूला रीळ, समोर स्वतःचं प्यादं, तिरका स्वतःचा उंट. मी घोडा एफ७ वर परत ठेवला. मात. शेजारीपाजारी सगळी आपलीच माणसं, आणि राजाला श्वास घ्यायला घर नाही.

ती बराच वेळ रिळाकडे बघत बसली. "म्हणजे हाच निघाला आणि याच्यामुळेच संपला," असं काहीसं पुटपुटली. मग वहीत चौदाव्या ओळीवर `R` आणि `e` यांच्यामध्ये `f` घुसवलं, इतकं दाटीवाटीने की ते `t` सारखं दिसतंय. मी म्हटलं, खोडून नीट लिही. स्कोअरशीटवर असंच होतं. `b` चा `6` होतो, घाईत एक चाल गळते, काळ्याची चाल पांढऱ्याच्या रकान्यात जाते, आणि घरी डाव लावताना मधेच एखादी सोंगटी जिथे जाऊच शकत नाही तिथे गेलेली दिसते. तसं झालं की चूक त्या चालीत नसते, आधी कुठेतरी असते. मागे मागे जायचं, जिथवर पट आणि कागद जुळतो तिथवर, आणि तिथून पुन्हा पुढे यायचं. तिचा डाव अठराव्या चालीला अडला होता, चूक चौदाव्यात निघाली.

आमच्या वेळी चाल आधी लिहायची, एकदा पटाकडे बघायचं आणि मग खेळायची, अशी सवय लावत. आता नियमाने आधी खेळायचं आणि मग लिहायचं. त्यामुळे लिहिता लिहिता एकदा थांबून बघण्याची ती जागा मुलांना राहिलेली नाही. मला ती हवीशी वाटते. पण नियम नियम आहे, म्हणून मी तिला सांगितलं, लिहून झाल्यावर मान वर कर आणि आपल्या सोंगटीने सोडलेलं रिकामं घर बघ. प्रतिस्पर्धी विचार करतोय तोवर वेळ तुझाच आहे.

तेवढ्यात तिने दप्तरातून एक चुरगळलेली निळी प्रत काढली. गेल्या रविवारी हरलेला डाव. घरी कुणाला दाखवला नव्हता. एकतीस चाली, शेवटी सही, निकालाच्या चौकटीत दाबून लिहिलेलं `1-0`. तिचे काळे होते. तिसाव्या चालीला हत्ती फुकट गेला, तिथे तिने स्वतःच लाल पेनाने मोठा गोल केला होता, कागद फाटेपर्यंत.

मी तो कागद पटाशेजारी मांडीवर सपाट केला. तिने सोंगट्या पुन्हा मांडल्या, बटणं दुसऱ्या रांगेत, कानतुटका घोडा जागेवर, रीळ राजाकडच्या कोपऱ्यात. मग लग्नाची पत्रिका उचलून पहिल्या ओळीखाली धरली आणि लाल गोल झाकला.